यंदा कर्तव्य नाही

वऱ्हाडात मुलीचं स्थळ कोणी सरळ नाकारत नाही. नाही म्हटलं की माणूस तुटतो, आणि तुटलेला माणूस पुढं बाजारात भेटतो, मयतीत भेटतो, विहिरीच्या वाटणीत तर हटकून भेटतो. म्हणून आपल्या वाडवडिलांनी पत्रिका करून ठेवली. नाड एक निघाली, मंगळ आडवा आला, गोत्र जुळलं नाही, की दोन्ही घरं हळहळतात, चहाऐवजी गूळपाणी घेतात आणि सुखानं आपापल्या वाटेनं जातात. ग्रहांना शिव्या बसतात, ग्रह काही तक्रार करत नाहीत.

पार्वताबाईची अडचण ही की तिच्या घरी पत्रिकाच नव्हती. तिचा नवरा नत्थुजी नागपूरच्या मिशनशाळेत शिकता शिकता ख्रिस्ती झाला, आणि त्या दिवशी घरातून ग्रहही गेले आणि गोतही गेलं. नत्थुजी अमरावतीच्या कचेरीत नोकरीला लागला, पाच वर्षं टिकला आणि पटकीच्या साथीत गेला. मागं ही बायको, रुख्मिणी नावाची मुलगी आणि नागपुरी दरवाजाजवळचं दोन खणांचं घर.

आणि एक मित्र. वामनराव हे नत्थुजीच्या बाकावरचे सोबती. मिशनशाळेतलं इंग्रजी दोघांनीही घेतलं, येशू मात्र एकट्या नत्थुजीनं. पुढं एकाच कचेरीत दोघं मराठी अर्जांचे इंग्रजी तर्जुमे करू लागले. नत्थुजी गेल्यावर वामनराव दर रविवारी पार्वताबाईच्या ओट्यावर येऊन बसत. आत जात नसत, पाणी घेत नसत. घरी गेल्यावर त्यांची बायको गोदाबाई त्यांना अंघोळीचं पाणी काढून ठेवी. पण घरपट्टीच्या कागदापासून रुख्मिणीनं काढलेल्या मुलींच्या शाळेच्या जागेपर्यंत सगळं त्यांनीच निभावून नेलं होतं. सोवळं जपणारा माणूस माणुसकी जपत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा वामनरावांना पाहायला हवं होतं.

तर्जुम्याचा त्यांना मोठा अभिमान. कचेरीचा नियम असा की अस्सल कागदात असेल तेवढंच तर्जुम्यात. पदरचं घालायचं नाही, असलेलं गाळायचं नाही. अर्जदार रडला असेल तर इंग्रजीतही रडला पाहिजे. वामनरावांच्या तर्जुम्यात दहा वर्षांत कोणा साहेबानं खोट काढली नव्हती, आणि हे ते स्वतःच दर महिन्याला कोणाला तरी सांगत.

ही गोष्ट कापसाच्या तेजीतली. अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचा भाव आला होता. अमरावतीत गाठी दाबायचं नवं लोखंडी दाबयंत्र आलं. ते बसवायला आणि बिघडलं की दुरुस्त करायला अकोल्याहून एक मिस्त्री यायचा. नाव टॉमस वेल्बी. बाप गोरा, आई इकडचीच कोणी. दोघांनाही त्यानं पाहिलेलं नव्हतं. मद्रासेकडच्या गोऱ्यांच्या अनाथाश्रमात वाढलेला, इंग्रजीशिवाय दुसरी भाषा नाही, हिंदुस्तानी बोले ती यंत्राला तेल घाला इतपतच. गोरे त्याला जेवायला बोलवत नसत आणि आमचे लोक त्याला साहेब म्हणून दूर बसवत. माणूस तिशीचा, हाडापेरानं मोठा आणि बोलायला लाजाळू.

अमरावतीत असला की रविवारी पाद्र्याच्या बंगल्यात जी आठ-दहा माणसं प्रार्थनेला जमत, त्यांत तो बसू लागला. तिथं रुख्मिणी गायची. त्या हिवाळ्यात त्याला ताप आला तेव्हा पार्वताबाईनं पाच दिवस भाताची पेज पाठवली. सहाव्या दिवशी तो उठला, यंत्राच्या मोडीतल्या पितळेची एक घंटा त्यानं आपल्या हातानं ओतली आणि रुख्मिणीच्या शाळेसाठी पाठवली. शाळेत सात मुली होत्या, घंटा पन्नास मुलींना पुरेल अशी होती.

माघात त्याचं पत्र आलं. पार्वताबाईनं ते वामनरावांपुढं धरलं आणि त्यांनी ओट्यावर बसून त्याचं मराठी करून सांगितलं. टॉमस वेल्बी लिहीत होता की आपल्या कन्येविषयी माझ्या मनात आदर आणि प्रेम आहे, आपली अनुमती असेल तर मी तिला लग्नाची मागणी घालतो. मी दारू पीत नाही, कर्ज नाही, आणि मला माझं म्हणण्यासारखं जगात कोणी नाही.

रुख्मिणी दाराशी उभी राहून ऐकत होती. एकोणीस वर्षांची, सावळी, तिच्या बापासारखीच कमी बोलणारी. आईनं तिच्याकडं पाहिलं, तशी ती म्हणाली, "मानूस चांगला हाये. पन मले त्याच्याशी लगन नाई करायचं." कारण विचारलं तर म्हणाली, कारण हेच.

पार्वताबाईला यात वावगं वाटलं नाही. पोरीचं मन नाही तर नाही. तिला घोर लागला तो नाही कसं म्हणायचं याचा. आईबाप नसलेला पोर, पितळेची घंटा ओतून देणारा; त्याचं मन दुखवायचं नव्हतं. पत्रिका नव्हती, गोत्र नव्हतं. शेवटी उरलं होतं तेवढं सगळं तिनं गोळा केलं आणि वामनरावांना सांगून मराठीत पत्र लिहवून घेतलं. आपलं पत्र पावलं. आपण आमच्यासारख्या गरिबाच्या दाराकडं पाहिलंत हे आमचं भाग्य. मुलगी अजून अजाण आहे. आमचं घर आपल्या तोलाचं नाही. यंदा आमच्याकडं कर्तव्य नाही. पुढं देवाच्या मनात असेल तसं होईल. लोभ असू द्यावा.

वऱ्हाडातल्या कोणत्याही ओट्यावर हे पत्र वाचून दाखवा, पहिल्या दोन ओळींतच माणसं मान हलवून उठतील. याहून स्वच्छ नकार असत नाही. वामनरावांनी त्याचा नेहमीप्रमाणे चोख तर्जुमा केला, ओळीला ओळ. नियमाप्रमाणे अस्सल आणि तर्जुमा एकाच लखोट्यात घातले आणि अकोल्याच्या डाकेत टाकले. घंटा परत पाठवावी की काय असं रुख्मिणीनं विचारलं, तर दोघांनीही तिला वेड्यात काढलं. दिलेली वस्तू परत करणं म्हणजे तोंडावर थुंकणं.

उत्तर पंधरा दिवसांत आलं, चार पानी. वामनराव वाचू लागले आणि दुसऱ्या पानावरून पुन्हा पहिल्या पानाकडं वळले. टॉमसनं पार्वताबाईच्या एकेका वाक्याला मनापासून उत्तर दिलं होतं. मुलगी अजाण आहे म्हणता, तर मी थांबतो, एक वर्ष म्हणजे काही फार नाही. घर गरीब आहे म्हणता, तर मी अनाथाश्रमातला, मला गरिबी नवी नाही. यंदा नाही म्हणता, तेव्हा पुढच्या वर्षी याच महिन्यात मी पुन्हा विचारीन. देवावर आपण सोडलंत तसं मीही सोडतो. घंटा ठेवून घेतलीत हे वाचायला मिळालं नाही, पण ती परत आली नाही यावरून जे समजायचं ते मी समजलो. आणि शेवटी लिहिलं होतं की मुंबईच्या लोखंडी कारखान्यात मुख्य मिस्त्रीची जागा कंपनी मला देऊ करते आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास एजंटसाहेब अकोल्याला येतील तेव्हा मी ती नाकारणार आहे, कारण आपल्या मुलीला आपल्यापासून इतक्या लांब न्यायची माझी इच्छा नाही. नदीकाठी एक घर पाहिलं आहे. त्याची दारं मीच करतो आहे.

"अवो भाऊजी," पार्वताबाई म्हणाली, "त्याले समजलं नाई काय?"

रुख्मिणीनं आतून पहिल्या पत्राची नक्कल आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली. "काकाजी," ती म्हणाली, "याच्यात नाई कुठं लिवलं हाये?"

वामनरावांनी नक्कल वाचली, मग तर्जुम्याची नक्कल वाचली. दहा वर्षं ज्या तर्जुम्यात खोट नव्हती, त्यात आताही खोट नव्हती. शब्द सगळे पोचले होते. पण त्या शब्दांमागं जे गावाला ठाऊक असतं, ते लखोट्यात घालता येत नाही, हे त्यांना चाळिशीला आल्यावर कळलं. यंदा कर्तव्य नाही म्हणजे कधीच नाही, हे कळायला वऱ्हाडी आईच्या मांडीवर वाढावं लागतं, आणि टॉमस तर कोणाच्याच मांडीवर वाढला नव्हता. वामनरावांना स्वतःचा फार राग आला.

कचेरीच्या कपाटात एका बदलून गेलेल्या साहेबाचं जुनं पुस्तक पडलं होतं. इंग्रजीत कोणत्या प्रसंगी कसं पत्र लिहावं याचे त्यात नमुने होते: धन्याला, सावकाराला, वारलेल्याच्या विधवेला. लग्नाची मागणी नाकारण्याचेही तीन नमुने होते. वामनरावांनी दुपारच्या सुट्टीत ते तिन्ही उतरून घेतले आणि थक्क झाले. इंग्रजांचा सभ्य नकार उलट्या बाजूनं चालत होता. आधी मान: आपण मला जो बहुमान दिला तो मी जाणते. लगेच दुसऱ्याच वाक्यात नाही, आणि तेही असं की त्यातून वाट निघू नये. कारण द्यायचं नाही; कारण दिलं की समोरचा ते दूर करायला धावतो. द्यायचंच तर एवढंच, की माझं मन तसं नाही. पुढची आशा दाखवायची नाही, ती दाखवणं हाच त्यांच्यात अपमान. मिळालेली भेटवस्तू परत करायची, म्हणजे तो मोकळा होतो. आणि शेवटी शुभेच्छा, पण बेतानं. आमच्याकडं जे निष्ठुर, ते तिथं दयेचं होतं.

रविवारी त्यांनी हे पार्वताबाईला समजावलं. ती ऐकेना. तिच्या मते असलं पत्र सावत्र आईसुद्धा लिहिणार नाही. "पेज पाजली ज्याले, त्याले असं तोंडावर मारता काय तुमी?" तिनं विचारलं. नत्थुजी असता तर त्यानं असलं काही लिहू दिलं नसतं, असंही म्हणाली, आणि ते वामनरावांना लागलं.

तोडगा रुख्मिणीनंच काढला. तिनं पाटी ओढली आणि स्वतः दोन ओळी लिहिल्या. मी तुमच्याशी लग्न करणार नाही, आत्ताही नाही आणि पुढंही नाही. तुमच्यात काही उणं नाही, माझं मन तसं नाही, आणि तुम्ही माझी वाट पाहू नये. मग तिनं घंटा खुंटीवरून काढली, धुवट फडक्यात बांधली आणि वामनरावांसमोर ठेवली. सातही मुली दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन घंटा कुठं म्हणून विचारत होत्या.

वामनरावांनी त्या दोन ओळींचं इंग्रजी केलं, वर पुस्तकातली बहुमानाची ओळ लावली, खाली शुभेच्छेची. ही एक ओळ वर, एक खाली, एवढं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पदरचं घातलं. पत्र डाकेनं पाठवायला त्यांचं मन घेईना. एकदा कागदानं घात केला होता. आता कागदासोबत माणूस हवा होता. त्यांनी सहा दिवसांची रजा काढली, गोदाबाईनं दशम्या बांधून दिल्या, आणि ते बैलांच्या दमणीत बसून निघाले. बडनेरा, मूर्तिजापूर, पुढं अकोला. ऊन तापलं होतं, आणि कापसाच्या रिकाम्या गाड्या धूळ उडवत समोरून येत होत्या. पाडव्याला पाच दिवस होते. वामनराव वाटेत बोटांवर पुन्हा पुन्हा मोजत, आणि दर वेळी पाचच निघत.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते अकोल्याला मोर्णा नदीच्या काठी पोचले. घर शोधावं लागलं नाही. साध्या मातीच्या घराला सागवानी दार, तेही असं रंधा मारलेलं की उन्हात चमकावं. टॉमसनं वामनरावांना पाहिलं आणि तो हसत उठला. पत्राआधी माणूस आला म्हणजे बातमी चांगलीच असणार, असं त्याला वाटलं असावं. त्यानं त्यांच्यासाठी वेगळा पाट मांडला आणि ब्राह्मणाच्या हातचं पाणी आणायला माणूस पाठवला. एवढं तो शिकला होता.

वामनरावांनी आधी फडकं पुढं केलं. घंटा किणकिणली. टॉमस त्या फडक्याकडं पाहत राहिला आणि वामनरावांनी पत्र उघडून हातात दिलं तेव्हा ते वाचायची त्याला खरं तर गरज उरली नव्हती. तरी त्यानं वाचलं. मग विचारलं, "हे तिचे शब्द आहेत? की तिच्या आईचे?"

"तिचे," वामनराव इंग्रजीत म्हणाले. "तिनं स्वतः लिहिले. मी फक्त वरची आणि खालची ओळ घातली."

"आणि पहिलं पत्र?"

"तेही नकाराचंच होतं."

टॉमसनं कोटाच्या खिशातून पहिला लखोटा काढला. घड्यांवर कागद विरला होता. त्यानं सांगितलं की ते मराठी पत्र त्यानं आपल्या कारखान्यातल्या कारकुनाला, रामरावाला, वाचायला दिलं होतं. रामरावानं सगळं वाचलं आणि म्हणाला, फार चांगलं पत्र आहे साहेब, फार चांगल्या घरचं. मुकादमानं ऐकलं, तोही म्हणाला, चांगलं आहे. "म्हणजे त्यांना कळलं होतं," टॉमस म्हणाला.

"हो."

"सगळ्यांना?"

वामनरावांनी मान खाली घातली. मिस्त्रीचं मन दुखवायला तिथंही कोणी धजलं नव्हतं. महिनाभर तो दारं रंधत होता आणि सगळा कारखाना ते पाहत होता.

मग वामनरावांनी घाईघाईनं मुंबईच्या जागेचं विचारलं. पाडव्याला अजून तीन दिवस आहेत, साहेब आले की हो म्हणून टाका, असं ते एका दमात बोलले. टॉमसनं शांतपणे सांगितलं की एजंटसाहेब चार दिवसांपूर्वीच येऊन गेले. जागा त्यानं नाकारली, ती दुसऱ्याला दिली गेली, तो माणूस कालच मुंबईला निघाला. तशी जागा पुन्हा आपल्यासारख्याला कोण देणार, असं तो म्हणाला, पण रागानं नाही. त्याच्या आवाजात राग असता तर वामनरावांना बरं वाटलं असतं. ते त्या परक्या पाटावर बसून लहान पोरासारखे रडले. माफी मागायचे जेवढे शब्द इंग्रजीत ठाऊक होते, तेवढे सगळे त्यांनी वापरले.

टॉमसनं त्यांना रडू दिलं. मग कागद-दौत आणून विचारलं, "तुमच्यातला कोणी असता तर त्यानं त्या आईला काय उत्तर लिहिलं असतं? तिला वाईट वाटू नये असं."

वामनरावांनी डोळे पुसले. आमच्यात लिहितात, योग नव्हता, असं त्यांनी सांगितलं.

"त्याचा अर्थ काय?"

"कोणाचीच चूक नाही."

"मग तेच लिहा," टॉमस म्हणाला. "पेजेबद्दल आभार लिहा. घंटा त्या मुलींची आहे, तिची नाही, ती परत न्या. मुंबईचं त्यात नको."

असलेलं गाळायचं नाही हा दहा वर्षांचा नियम. वामनरावांनी तो मोडला आणि पत्र लिहिलं. खाली टॉमसनं इंग्रजीत सही केली, फार काळजीपूर्वक.

रविवारी ते ओट्यावर आले. पत्र वाचून दाखवलं, आणि पार्वताबाईच्या चेहऱ्यावरचा महिन्याचा ताण उतरला. तिनं घंटा हातात घेतली, पदरानं पुसली. किती समजूतदार पोर, म्हणाली, कसं आपल्यासारखं लिवलं, योग नव्हता. मग वामनरावांवर थोडं रुसून म्हणाली, "पाहा भाऊजी. मी म्हनत होती का नाई, गोडीनं सांगतलं तर कोनाचं मन दुखत नाई. पयल्याच पत्रानं झालं असतं. तुमी उगाच उन्हातान्हाचे गेले."

रुख्मिणी दाराशी होती. तिनं वामनरावांकडं पाहिलं, आणि ते हो म्हणतील असंच तिला वाटलं, कारण नत्थुजी गेल्यापासून या माणसानं तिच्या आईच्या कुठल्या बोलण्याला कधी सरळ नाही म्हटलं नव्हतं.

"नाही वयनी," वामनराव म्हणाले. "दुखलं."

पार्वताबाईचा घंटेवरचा हात थांबला. तिनं हळूच विचारलं, "लय?"

"हो. लय."